मदत हवी आहे: मॉडबसचा सीआरसी जुळत नाही, मीटर खराब आहे का?

धोटेधारी
इचलकरंजीत भावाचा मागाचा कारखाना आहे. तिथल्या वीज मीटरमधून आरएस-४८५ वरून व्होल्टेज वाचायचंय. आर्डुइनो आणि मॅक्स४८५ चा छोटा बोर्ड लावलाय. सकाळी चालू केलं की छान चालतं, मग मध्येच सीआरसी, म्हणजे उत्तराच्या शेवटी येणारा तपासणीचा आकडा, चुकायला लागतो आणि चुकतच राहतो. रिसेट केलं की परत नीट. कंटाळून सीआरसीची तपासणी काढून टाकली, तर २३० च्या जागी ५१२ व्होल्ट दाखवतो. दोन दिवस यातच गेलेत. मीटर बदलून मागू का? लवकर सांगा, उद्या भाऊ विचारणार आहे.

सदाभाऊ
असाच संदेश माझ्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आला होता, "सायक्लिक रिडंडन्सी चेक" म्हणून. आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, मगच `chkdsk /r` चालवा. माझे लग्नाचे फोटो त्यामुळेच वाचले.

धोटेधारी
सदाभाऊ, यात हार्ड डिस्क नाहीच हो. मीटर आहे.

कल्याणी_म
"चुकतो" एवढ्यावरून काही कळत नाही. बॉड रेट किती? पॅरिटी? मीटरला कोणते बाइट पाठवता आणि तिकडून कोणते येतात? तुमचा सीआरसीचा कोडही टाका.

धोटेधारी
९६००, पॅरिटी नाही. एकच रजिस्टर वाचतो, म्हणजे उत्तर ७ बाइटचं. कोड हा, नेटवर सगळीकडे हाच आहे:

```c
uint16_t crc = 0xFFFF;
for (int i = 0; i < 5; i++) {
  crc ^= buf[i];
  for (int b = 0; b < 8; b++)
    crc = (crc & 1) ? (crc >> 1) ^ 0xA001 : crc >> 1;
}
```

नीट चालतं तेव्हा काढलेला आणि आलेला दोन्ही CE39. बिघडतं तेव्हा पहिल्यांदा काढलेला 9CD4, आलेला 39E6. त्यानंतर प्रत्येक वेळी काढलेला 4CBD, आलेला 39E6.

नाना_वायंडर
मॉडबसमध्ये सीआरसीचा खालचा बाइट आधी येतो, वरचा नंतर. तुम्ही उलटा जोडत असणार. अदलाबदल करा, सुटेल. आमच्या पंपाच्या पॅनेलला हेच झालं होतं.

कल्याणी_म
नाना, क्रम उलटा असता तर सकाळीसुद्धा जुळला नसता. कोड बरोबरच आहे.
धोटेधारी, बिघडलेल्या वेळचे सातही बाइट जसेच्या तसे छापा. 39E6 बघून मला एक शंका आहे, पण बाइट बघितल्याशिवाय बोलत नाही.

धोटेधारी
घ्या.

```
01 03 02 00 E6 39 CE   नीट
00 01 03 02 00 E6 39   पहिली चूक
CE 01 03 02 00 E6 39   पुढच्या सगळ्या
```

कल्याणी_म
मीटरला नावं ठेवू नका, तो बिचारा प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देतोय. दुसऱ्या ओळीत सुरुवातीला एक 00 आगंतुक आलाय. त्याने सगळी फ्रेम एक घर पुढे सरकली. तुमचा प्रोग्रॅम मोजून ७ बाइट उचलतो, त्यामुळे शेवटचा CE बफरमध्येच राहिला आणि पुढच्या उत्तराच्या डोक्यावर जाऊन बसला. तिथून पुढे प्रत्येक फ्रेमचं शेपूट पुढच्या फ्रेमला चिकटतंय. रिसेटने बफर रिकामा होतो म्हणून तेवढ्यापुरतं सुटतं.
आता 39E6 बघा. E6 म्हणजे २३०, तुमचं व्होल्टेज. त्याला तुम्ही सीआरसीचा अर्धा भाग समजलात. आणि व्होल्टेज म्हणून जे 02 00 वाचलंत, त्यातला 02 हा "पुढे दोन बाइट आहेत" असं सांगणारा आकडा. 0200 म्हणजेच ५१२. तपासणी काढल्यावर दिसलेले ५१२ व्होल्ट ते हेच. तपासणी परत घाला आधी.

धोटेधारी
अरे बापरे. पण मग सीआरसीला हे कळलं कसं? बाइट तर सगळे खरेच होते, फक्त सरकलेले.

नाना_वायंडर
त्यात एवढं काय? सगळ्या बाइटची बेरीज करून शेवटी पाठवायची, एवढंच असतं ते. सीआरसी म्हणजे बेरजेचंच मोठं नाव. आमच्या जुन्या काट्यात नुसती बेरीज होती आणि कधी अडलं नाही.

कल्याणी_म
नाना, बेरीज आणि सीआरसी एक नाहीत, आणि धोटेधारींचीच फ्रेम त्याचा पुरावा आहे. 01, 03, 02, 00, E6 यांची बेरीज EC. पुढे आगंतुक 00 जोडून सहा बाइटची बेरीज केली तरी EC. बेरजेला शून्य दिसतच नाही. तसंच एका बाइटमधला एखादा बिट गळला आणि दुसऱ्या बाइटमध्ये त्याच घरातला बिट वाढला, तरी बेरीज तीच.
सीआरसीत भागाकार असतो. सगळा संदेश ही एक लांबलचक बायनरी संख्या धरायची आणि ठरलेल्या १७ बिटांच्या भाजकाने भागायची, फक्त हातचा न घेता. म्हणजे वजाबाकीच्या जागी एक्सऑर. उरलेली १६ बिटांची बाकी शेवटी जोडून पाठवायची. तुमच्या कोडमधला `0xA001` हा तो भाजकच, उलट्या क्रमाने लिहिलेला आणि सर्वांत वरचा बिट गृहीत धरलेला. भागाकारात प्रत्येक बिटचं वजन त्याच्या जागेवर ठरतं, म्हणून सरकलेली फ्रेम पकडली जाते.
घेणारा तोच भागाकार परत करतो. एक गंमत करून बघा: लूप ५ ऐवजी ७ बाइटवर चालवा, सीआरसीसकट. फ्रेम नीट असेल तर उत्तर शून्य येतं.

बिनतारी
ताईंच्या बोलण्यात एक भर. नुसत्या भागाकारालासुद्धा सुरुवातीचं शून्य दिसत नाही. 0042 आणि 42 ला भागलं तर बाकी एकच. म्हणून `crc = 0xFFFF` पासून सुरुवात करतात. 0 पासून केली असती, तर 00 जोडूनही त्या पाच बाइटची बाकी बदलली नसती. मॉडबसच्या रीतीने पाच बाइटचा CE39 येतो, आधी 00 लावून सहांचा D51D.

कल्याणी_म
बरोबर, हे माझ्याकडून राहिलं होतं.

नाना_वायंडर
ठीक, शून्याचं मान्य. पण तो 00 आला कुठून ते कोणीच सांगत नाही. ए-बी वायरवर बायसचे रेझिस्टर नसणार, लाइन लोंबकळत असणार. ए ला पाच व्होल्टकडे आणि बी ला ग्राउंडकडे ५६० ओहम लावा. माझे शंभर रुपये यावर.

बिनतारी
मला मॅक्स४८५ च्या RO पिनचा संशय जास्त येतो, आलेले बाइट आर्डुइनोला देतो तो. या बोर्डांवर पाठवणं चालू करणारा DE आणि घेणं चालू करणारा RE एकत्र बांधून एकाच पिनने चालवतात. पाठवताना RE बंद, म्हणजे RO अधांतरी, आणि आर्डुइनोचा RX पिन हवेत. तो पिन खाली जाऊन बाइटभर वेळ खालीच राहिला की यूआर्ट त्याला स्टार्ट बिट आणि आठ शून्यं समजतो आणि 00 तयार. RO वरून पाच व्होल्टकडे १० किलोओहमचा पुलअप लावा. आणि विनंती पाठवून झाली, DE खाली आला, की बफर रिकामा करा. उत्तराची वाट त्यानंतर बघा.

नाना_वायंडर
पुलअपने वायरवरची घाण जात नाही.

बिनतारी
आणि तुमच्या बायसने अधांतरी RO भरत नाही. दोन्ही लावावेत, पण एका वेळी एक, म्हणजे दोष कुठे होता ते कळेल.

सदाभाऊ
यूएसबी केबल बदलून बघितली का? माझी चूक शेवटी केबलचीच निघाली.

धोटेधारी
पुलअप लावला, बफर रिकामा करायची ओळ घातली. बायस अजून नाही, घरात ५६० ओहम नव्हते. पाच तास झाले, सरकलेली फ्रेम एकही नाही! पण नवीनच प्रकार. शेजारच्या सायझिंगची मोटर सुरू झाली तेव्हा दोनदा हे आलं:

```
01 03 02 00 E4 39 CE   काढलेला 0FB8, आलेला CE39
```

यात बाइट सरकलेला नाही. मग कुठला चुकला ते सीआरसी सांगू शकतो का?

नाना_वायंडर
सांगतो ना. सीआरसी चूक शोधतो आणि दुरुस्तही करतो, सीडीवर ओरखडा आला तरी गाणं वाजतं ते त्यामुळेच.

बिनतारी
सीडीवरच्या गाण्याची दुरुस्ती रीड-सोलोमन नावाच्या वेगळ्या पद्धतीने होते, सीआरसीने नाही.

कल्याणी_म
तरी नानांच्या बोलण्यात तथ्याचा एक अंश आहे. CE39 आणि 0FB8 यांचा एक्सऑर करा, C181 येतो. हा आकडा मूळ संदेशावर अवलंबून नसतो, फक्त काय बिघडलं आणि कुठे यावर असतो. शेवटच्या डेटा बाइटमधला 02 चा बिट उलटला की दर वेळी C181 च येणार, व्होल्टेज कितीही असो. E6 चा E4 झालाय तो त्याच बिटाने. म्हणजे मीटरने २३० पाठवले, तुम्हाला २२८ मिळाले.
पण यावरून दुरुस्ती करू नका. एकच बिट बिघडलाय हे आपण गृहीत धरलं. मोटरच्या धक्क्याने लांबवर विखुरलेले पाच बिट उलटले, तर त्यांचा फरकही C181 येऊ शकतो, आणि मग तुम्ही चुकीच्या संख्येवर चुकीचीच दुरुस्ती कराल. फ्रेम फेकून द्या आणि परत विचारा. मीटर तिथेच आहे.

धोटेधारी
असं विखुरलेलं बिघडलेलं सीआरसीला न कळता आतही येऊ शकेल मग?

कल्याणी_म
येऊ शकतं. बिघाड स्वतःच भाजकाने पूर्ण भागला जात असेल तर बाकी बदलत नाही आणि चूक निसटते. एक बिट, किंवा सलग १६ बिटांच्या आतला कसलाही बिघाड कधीच निसटत नाही, कारण तेवढ्या छोट्या तुकड्याला १७ बिटांचा भाजक भागूच शकत नाही. या भाजकात विषम संख्येने उलटलेले बिटही नेहमी पकडले जातात. त्यापलीकडे, अगदी वाटेल तसा कचरा आला तर ६५,५३६ त साधारण एक निसटतो. म्हणून पहिला बाइट 01 आहे का, दुसरा 03 आहे का, व्होल्टेज १५० ते ३०० मध्ये आहे का, हेही बघा.

बिनतारी
दोनदा आलं ते दोन्ही वेळी E4 च होतं? तोच बिट दोनदा उलटणं मला योगायोग वाटत नाही. मीटरपासून बोर्डापर्यंत वायर किती लांब आहे, आणि मोटरच्या केबलशेजारून जाते का?

धोटेधारी
हो, दोन्ही वेळी E4 च. वायर साधारण चाळीस मीटर, त्याच ट्रेमधून जाते. पिळाची नाही, साधी आहे. उद्या ५६० ओहम आणतो, आणि पिळाची वायर मिळाली तर तीही. एका वेळी एकच बदलेन.

नाना_वायंडर
आधी बायस.