स्नेहसंमेलनाच्या वर्गणीवरून पेटलेला पालकांचा गट: उत्तर सर्वांसमोर द्यावे की आधी फोन करावा?

धागाकर्ती, फोंडा
मी चौथीच्या वर्गाची पालक प्रतिनिधी आहे. स्नेहसंमेलनासाठी प्रत्येकी ६५० रुपये ठरले आहेत आणि वर्गात ४२ मुले आहेत. काल रात्री एका वडिलांनी व्हॉट्सॲपवर लिहिले, "माझा मुलगा नाचत नाही, तरी पोशाखाचे पैसे का? समितीने किती खाल्ले ते सांगा." त्यावर बरेच अंगठे उमटले. आता काय लिहावे?

निवृत्त मुख्याध्यापिका, म्हापसा
त्या संदेशात एक प्रश्न आहे आणि एक आरोप आहे. प्रश्नाला गटावर उत्तर द्यावे, आरोपाविषयी मात्र फोनवरच बोलावे. आज सकाळी त्यांना फोन करा आणि आपल्या घरगुती कोंकणीत विचारा, "बाब, हिशेब जाय मू? आज सांजवेळा घालतां." आरोप मागे घ्या असे त्या फोनवर म्हणू नका, ते म्हटले की माणूस प्रश्न विसरून शब्दाला चिकटून बसतो. त्यानंतर गटावर साधारण असा मजकूर टाका:

"नमस्कार. पोशाखाविषयी विचारलेला प्रश्न योग्य आहे. प्रत्येकी ६५० रुपयांची विभागणी अशी आहे: पोशाखाचे भाडे ३५०, ध्वनी व प्रकाशयोजना १००, अल्पोपाहार १२०, नृत्यदिग्दर्शकाचे मानधन ८०. वर्गाची एकूण रक्कम २७,३०० रुपये होते. भाड्याचे दरपत्रक व पावत्यांची छायाचित्रे आज सायंकाळी सहा वाजता येथे ठेवू. नृत्यात नसलेल्या मुलांच्या ३५० रुपयांचा निर्णय शनिवारच्या बैठकीत घेऊ."

या मजकुरात कोणाचेही नाव नाही, खुलासा किंवा खंत नाही, आणि निर्णय कधी होईल हे स्पष्ट आहे. सहाची वेळ दिली तर ती पाळलीच पाहिजे, कारण पावती साडेसातला आली तर मधल्या दीड तासात गट पुन्हा पेटतो. पुढचे संदेश माणसांऐवजी रकमांविषयी येऊ लागले, म्हणजे कोणी "अल्पोपाहाराला १२० कसे?" असे विचारले, तर राग ओसरतो आहे असे समजावे.

समिती सदस्य, डिचोली
मला हे पटत नाही. "खाल्ले" हा शब्द चारचौघांत लिहिला गेला असेल, तर समितीची बाजूही चारचौघांतच मांडली गेली पाहिजे. संध्याकाळी दुकान बंद करून तालमीला थांबणारे पालक खाजगी फोनने समाधानी होतील का? शिवाय असा मजकूर गटावर राहू दिला तर ॲडमिनवरच गुन्हा दाखल होतो, म्हणून प्रथम तो संदेश पुसून टाकावा.

वकील व पालक, मडगाव
समितीचा मान सांभाळला पाहिजे हे खरे, पण कायद्याचे आपण सांगता तसे सरसकट नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले की सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसावे लागते. ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसता येतो, पण येथे पुसला तर "हिशेब विचारला म्हणून तोंड बंद केले" असा दुसरा आरोप तयार होतो, आणि पहिल्या संदेशाचे स्क्रीनशॉट तर आधीच फिरलेले असतात. गट काही तास केवळ ॲडमिनसाठी खुला ठेवायचाच असेल, तर हिशेब टाकल्यानंतर ठेवा, त्याआधी नको.

पालक, साखळी
आमच्याकडे जुळी मुले आहेत, दोघांचे मिळून १,३०० होतात. एका घरातील दुसऱ्या मुलाला सवलत मिळते का? बहुधा त्या वडिलांचेही तेच म्हणणे असावे.

धागाकर्ती, फोंडा
नाही, त्यांचा आक्षेप फक्त पोशाखाविषयी आहे. नाचात नसलेली पाच मुले आहेत. त्यांचे प्रत्येकी ३५० वगळले तर १,७५० रुपये कमी पडतील, आणि भाडे देणारा मात्र ४२ पोशाखांचाच दर धरून बसला आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका, म्हापसा
मग तो आकडा आजच्या मजकुरात घाला. पाच जणांना माफी द्यायची तर उरलेल्या ३७ मुलांवर प्रत्येकी सुमारे ४७ रुपयांचा भार येतो, हे सर्वांनी आधीच पाहिलेले बरे. पण त्याआधी पोशाखवाल्याशी बोला. पोशाख अजून उचललेले नसतील तर पाच कमी करायला तो तयार होईलही.

समिती सदस्य, डिचोली
पोशाखवाल्याशी मी बोलतो. तरी शनिवारच्या बैठकीत त्या वडिलांनी "खाल्ले" हा शब्द सर्वांसमोर मागे घ्यावा, हे माझे मत कायम आहे.

धागाकर्ती, फोंडा
फोन केला. त्यांचा आवाज चढलेलाच होता, पण दरपत्रक मागितले आणि सहापर्यंत थांबतो म्हणाले. शब्द मागे घेण्याचा विषय मी काढला नाही.