स्टेकिंग काँट्रॅक्टात अडकलेले यूएसडीटी: मालकाला जमत नाही की करायचं नाही?

मूळ पोस्ट, भटका_वॉलेट: इथेरियमवर 4,000 यूएसडीटी डिपॉझिट न करता चुकून थेट स्टेकिंग काँट्रॅक्टच्या पत्त्यावर पाठवले. एक्सप्लोरर `Success` म्हणतो, मालक म्हणतो "काढता येत नाहीत". सरळ चोरी आहे ही!

जुना_कोडर: चोरी शब्द जरा आवरा. थेट `transfer` केलं की टेथरच्या वहीत फक्त तुमची शिल्लक कमी आणि त्या पत्त्याची जास्त होते. स्टेकिंग काँट्रॅक्टला काही आलंय हे कळतही नाही. आता त्या काँट्रॅक्टनेच `transfer` बोलावलं तर पैसे हलतील. कोडमध्ये तशी सोय नसेल तर मालकाची चावी असून नसल्यासारखी. मात्र एक्सप्लोररवर `Read as Proxy` दिसतंय का बघा. दिसत असेल तर कोड बदलता येत असण्याची शक्यता दाट आहे.

शंभर_टक्के: एवढं कशाला? टेथरला मेल करा. ते जाळून नवे छापतात.

जुना_कोडर: छापतात, खरंय. पण `destroyBlackFunds` आधी काळ्या यादीत टाकलेल्या पत्त्याची *सगळी* शिल्लक जाळतं. त्यात बाकीच्यांच्या ठेवी आहेत, त्यांना काय सांगणार?

नशीबवान: माझे चुकीच्या नेटवर्कवर गेले होते, एक्स्चेंजने तीन आठवड्यांत परत दिले. चिकाटी ठेवा.

जुना_कोडर: त्या पत्त्याची खासगी चावी एक्स्चेंजकडे होती. काँट्रॅक्टला चावी नसते हो!

संशयी: आणि कोड बदलू शकणारा मालक हवाय कुणाला? आज तुमचे 4,000 काढेल, उद्या माझी ठेव.

जुना_कोडर: म्हणून तर मोजून काढायचे. समजा काँट्रॅक्टची शिल्लक 2,54,000 आणि नोंदलेल्या ठेवी 2,50,000. मालकाला फक्त वरच्या 4,000 ला हात लावता येईल अशी अट कोडमध्येच घालायची.

संशयी: अट घालणाराही तोच, काढणाराही तोच. वा!

जुना_कोडर: बरं, मान्य. बदल लागू होण्याआधी काही दिवसांचा टाइमलॉक हवा, म्हणजे तुम्हाला पळायला वेळ मिळेल. पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्याकडे सुटकेचं फंक्शन आधीपासून होतं, तरी यूएसडीटीवर दर वेळी रिव्हर्ट! टेथरचा 2017 चा कोड `transfer` नंतर `true` परत देतच नाही, आणि आमचा कोड त्याचीच वाट बघत बसलेला. `SafeERC20` वापरलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

शंभर_टक्के: म्हणजे टेथरचीच चूक. मी काय म्हणत होतो?

जुना_कोडर: तुम्ही मेल करायला सांगत होतात.

संशयी: चूक तुमची. टेस्टमध्ये खोटं टोकन वापरलं असणार, जे शहाण्यासारखं `true` देतं.

जुना_कोडर: …हो. तेच वापरलं होतं.

भटका_वॉलेट: तुमचं भांडण आटोपलं असेल तर सांगतो, `Read as Proxy` दिसतंय. मालकाला स्क्रीनशॉट पाठवला. "येत नाही"चं आता "ऑडिटचा खर्च तुम्ही द्या" झालंय.

संशयी: ऑडिट मागतोय? मग माणूस मला वाटला त्यापेक्षा बरा आहे. खर्च 4,000 च्या वर गेला तर मात्र सोडून द्या.