दुकानात कमिटी नाही, आणि त्रास देणारा मालकाचाच पुतण्या

नाव_नको_इंदूर
होलसेल किराण्याच्या दुकानात दोन वर्षांपासून बिलिंग आणि टॅली बघते. मालकांचा पुतण्या मार्चपासून स्टॉक मोजायच्या नावाखाली मला गोडाउनला बोलवायचा आणि घाण बोलायचा. 6 मेला कमरेला हात घातला, मी ओरडले, हमालकाका आत आले. मग गोडाउन बंद झालं पण रात्रीचे मेसेज सुरू झाले, शेवटचा 17 जूनला, त्यानंतर मी ब्लॉक केलं. शेठ म्हणाले घरातलं घरात मिटवू, आपल्याकडे कुठे कंपनीसारखी कमिटी आहे. रजिस्टरवर 8 जण आहेत, रोजीवाले आणि डिलिव्हरीची पोरं धरली तर 13. आज 30 ऑगस्ट. कुणाकडे जाऊ? आई म्हणते नोकरी सोड आणि विषय संपव.

रामबागचा_बंड्या
आई बरोबर बोलतेय. राग मानू नकोस ताई पण सियागंज काय नि मारोठिया काय, सगळे शेठ एकमेकांना ओळखतात. तू तक्रार केलीस की दुसऱ्या दुकानात उभं करणार नाही कुणी. टॅली येतं ना, मग सीएच्या ऑफिसात बघ, पंधरा दिवसांत लागशील.

सुदामानगर_काकू
बंड्या, म्हणजे त्याने गल्ल्यावर बसायचं आणि हिने नवीन नोकरी शोधत फिरायचं, छान न्याय आहे! आणि सोडल्यावर विषय संपतो हे कुणी सांगितलं? तिच्या जागी उद्या दुसरी पोरगी येईल, तिला पण तो स्टॉक मोजायला बोलवणारच.

भिया_सिंपल_है
सीएम हेल्पलाइन 181 वर टाक, नाहीतर मंगळवारी जनसुनवाईत अर्ज घेऊन जा, कलेक्टर स्वतः बसतात. आणि सोबत दुकानाच्या बोर्डाचा फोटो फेसबुकवर टाक, दोन दिवसांत शेठ लायनीवर येईल.

माजी_मेंबर_ताई
वरचं वाचून लिहायला बसले, थोडं मोठं होईल. मी तीन वर्षं एका जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर होते, संस्थेकडून.

फेसबुकचं आधी डोक्यातून काढ. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाचा जो 2013 चा कायदा आहे त्यात तक्रार करणारी, ज्याच्याविरुद्ध आहे तो, साक्षीदार, कुणाचीच ओळख बाहेर द्यायची नाही असं आहे. तू पोस्ट टाकलीस की समोरचा वकील त्याच पोस्टवर उड्या मारतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. जनसुनवाई वाईट नाही पण तिथे शंभर लोकांच्या मध्ये उभं राहून हे सांगायचं का, आणि कागद शेवटी ज्या टेबलावर जायचा तिथेच जाणार.

ते टेबल म्हणजे जिल्ह्याची स्थानिक समिती. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागांसाठी ती आहेच, शिवाय तक्रार खुद्द मालकावर असेल तर कंपनी कितीही मोठी असो, तक्रार तिथेच जाते. आपल्याकडे हिंदीत कुणी स्थानीय समिति म्हणतं, कुणी परिवाद समिति, त्यामुळे खिडकीवरचा बाबू गोंधळतो. कलेक्टर ऑफिसात महिला बाल विकासच्या टेबलावर विचार. समिती बनलीच नाही म्हणाले तर ऐकून परत येऊ नकोस, डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना 31 जानेवारी 2025 पर्यंत बनवा असं सांगितलंय. अर्ज दे आणि दुसऱ्या कॉपीवर आवकचा शिक्का घे, तारखेसकट. शिक्का नसेल तर तू आलीच नव्हतीस असं समज.

आता तारीख बघ, कारण तुझं खरं अडणार ते इथे. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. 6 मे धरला तर 6 ऑगस्टला मुदत गेली. पण प्रकार एकामागून एक होत असतील तर शेवटच्या प्रकारापासून मोजतात, आणि तुझा शेवटचा मेसेज 17 जूनचा, म्हणजे 17 सप्टेंबर. म्हणून अर्जात मार्च, 6 मे आणि 17 जून असं एका धाग्यात लिही, की हे सगळं एकाच माणसाचं एकच चाललेलं होतं. मेसेज वेगळा आणि गोडाउन वेगळं असं लिहिलंस तर तूच मुदत तोडशील. उशीर झालाच तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण कारण पटलं तर, आणि ते पटेल याच्या भरवशावर बसू नये.

कपडा_मार्केट_वाले
ताई तुमचा मान ठेवून विचारतो. रजिस्टरवर 8 म्हणजे 8. हमाल तर मंडीचे असतात, आज माझ्याकडे उद्या शेजारी, ते कसे धरणार? आणि माझ्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याने कमिटी, बाहेरची मेंबर, मीटिंग हे सगळं कुठून करायचं, आमच्याकडे जीएसटी भरायला वेळ नाही. उद्या कामावरून काढलेली कुणीही खोटी तक्रार ठोकेल. माझ्या साडूच्या दुकानात अशीच भानगड झाली होती, नंतर निघालं की उधारीचा वाद होता.

माजी_मेंबर_ताई
काका, हमालांचं तुमचं म्हणणं अर्धं पटतं, जो पोत्यामागे पैसे घेऊन चार दुकानं फिरतो त्याच्यावर वाद होऊ शकतो. पण रोजीवाला, ट्रेनी, ठेकेदारामार्फत आलेला, हे सगळे कायद्यात कर्मचारी आहेत, पगारपत्रकावर नाव असो नसो. खोट्या तक्रारीचं म्हणाल तर मुद्दाम खोटं केलंय हे सिद्ध झालं तर कारवाई आहे. नुसता पुरावा कमी पडला म्हणून मात्र तिला शिक्षा करता येत नाही.

बाणगंगा_मनोज
माझा पण प्रॉब्लेम असाच आहे. सुपरवायझर सगळ्यांसमोर आईवरून शिव्या देतो आणि दोन महिन्यांचा पगार अडकवून ठेवलाय. मी पण या समितीत जाऊ का?

सुदामानगर_काकू
मनोज बाळा हे वेगळं आहे, ही समिती बायकांच्या लैंगिक छळाची. पगाराचं तू लेबर ऑफिसला जा, इथे अर्ज दिलास तर परत येईल आणि तुझे दिवस जातील.

लॉ_चा_तिसरा_वर्ष
माझा सरळ प्रश्न. 13 माणसं असतील तर कायद्याने दुकानातच समिती हवी होती. ती नाही. आणि स्थानिक समिती तर दहाच्या खालच्यांसाठी किंवा मालकाविरुद्ध. पुतण्या मालक नाही, तो तर नोकरच झाला ना? मग ताईंचा अर्ज आमच्या कक्षेत येत नाही म्हणून परत करतील. माझ्या मते सरळ एफआयआर, बीएनएसचं कलम 75, तिथे ही तीन महिन्यांची भानगडच नाही.

माजी_मेंबर_ताई
पोरा, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस, पण निम्मंच. कायद्यात मालक म्हणजे फक्त ज्याच्या नावावर दुकान आहे तो नाही, कामाच्या जागेची व्यवस्था आणि देखरेख ज्याच्या हातात आहे तोही येतो. आता तिने सांगायचं की हजेरी कोण लावतो, सुट्टी कोण देतो, गोडाउनची चावी कुणाकडे, महिन्याचा पगार कोण मोजून देतो. घरच्या धंद्यात हे पुतणेच करतात आणि नावाला शेठ असतात. म्हणून अर्जात दोन्ही लिहावं, रजिस्टरप्रमाणे 8 असतील तरी हीच समिती, आणि 13 धरले तरी हा माणूस कारभार बघतो म्हणून हीच समिती, शिवाय दुकानात समिती बनवलेली नाही. समोरच्याने आकडा कुठलाही सांगितला तरी तो अडकतो. मी असे दोन अर्ज चाललेले बघितलेत. एक मात्र अडकला, कारण तिथे भाऊ फक्त ड्रायव्हिंग करायचा, कारभार काहीच नाही. त्यामुळे इथे शंभर टक्के काय होईल ते मी सांगणार नाही.

एफआयआर पण करता येते, एक केली म्हणून दुसरी बंद होत नाही. ठाण्यात महिला अधिकाऱ्यानेच बयान घ्यायचं असतं. पण पोलिस नोकरी सांभाळत नाहीत, पगारी रजा देत नाहीत. समितीकडे अर्जासोबतच लेखी मागता येतं की चौकशी संपेपर्यंत मला रजा द्या, तीन महिन्यांपर्यंत, तुझ्या हक्काच्या रजा सोडून. एका खोलीच्या दुकानात बदली कुठे करणार, म्हणून रजाच मागावी.

रामबागचा_बंड्या
आणि ती रजेवर गेली की शेठ परत घेईल का? तुम्ही कागदावरचं बोलताय ताई.

पाटणकर_वहिनी
मी गेले आहे या रस्त्याने, दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून सांगते, नाव गाव काही लिहीत नाही. माझ्या अर्जात मी फक्त सर त्रास देतात असं लिहिलं होतं, लाज वाटली म्हणून, मग पहिल्याच सुनावणीत विचारलं नेमकं काय, किती वाजता, कोण होतं, आणि मी रडत बसले. तो काय बोलला ते तसंच्या तसं लिही, घाण असलं तरी. अर्जाच्या सहा कॉप्या लागतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. नव्वद दिवसांत संपायला हवं होतं, माझं सात महिने चाललं. शेवटी भरपाई लागली, ती हातात यायला कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्या झाल्या. बंड्याला सांगायचं तर नोकरी माझी गेलीच, पण मी सोडून आल्यावरही तक्रार चालली, हे मला आधी माहीत असतं तर मी दोन महिने तोंड दाबून तिथे राहिले नसते.

माजी_मेंबर_ताई
वहिनींनी सांगितलं तेच. नोकरी सोडलीस तरी अर्ज देता येतो, म्हणजे आईचं आणि हे, दोन्ही करता येतं. पुतण्याला ब्लॉक केलंयस ते ठीक, पण चॅट डिलीट करू नकोस, फोन बदलू नकोस, स्क्रीनशॉट काढलेस तरी मूळ मेसेज त्याच फोनमध्ये हवेत. कॅमेऱ्याचं मे महिन्याचं रेकॉर्डिंग आता पुसलं गेलं असेल. गोडाउनच्या स्लिपा बघ, कुणाच्या सहीने तू किती वाजता गेलीस ते त्यावर असेल. ऑनलाइन पण टाक, shebox.wcd.gov.in वर, खाजगी ठिकाणची तक्रार तिथे चालते. पण कागदाचा अर्ज सोडू नकोस. आणि समझोता करू म्हणाले तर तो तुझ्या इच्छेनेच होतो, आणि पैसे घेऊन मिटवायचं असं त्यात करता येत नाही. शेठ पाकीट घेऊन येईल, येतातच.

कपडा_मार्केट_वाले
एक विचारू का, माझ्याकडे 11 जण आहेत. मी काय करायचं?

माजी_मेंबर_ताई
काका, लेखी आदेश काढून समिती बनवा, अध्यक्ष तुमच्याकडची सीनियर बाई, दोन तुमची माणसं, एक संस्थेची बाहेरची मेंबर, निम्म्या तरी बायका. बाहेरच्या मेंबरची फी तुम्ही द्यायची. नाही बनवली तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे.

कपडा_मार्केट_वाले
माझ्याकडे एकच बाई आहे हो, ती पण झाडू मारायला येते.

नाव_नको_इंदूर
सगळ्यांना थँक्स. अर्ज लिहून झाला, दोनदा फाडला, वहिनी म्हणाल्या तसं सगळं शब्दाला शब्द लिहिलं. सहा झेरॉक्स काढल्या, शेजारच्या दुकानात नाही, पार पाटनीपुऱ्याला जाऊन. स्लिपा सापडल्या, 6 मेच्या स्लिपवर त्याचीच सही आहे. हमालकाका सकाळी म्हणाले मी बोलेन बेटा. आत्ता संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, पप्पांना यात ओढू नका, त्यांना त्याच मार्केटमध्ये पोती उचलायची आहेत. त्यांचं नाव अर्जात ठेवू की काढू?