मेटा : अर्थ आणि वापर

सायली : गेमिंगच्या समालोचनात 'हा हिरो आता मेटात नाही' असं ऐकलं. मेटा म्हणजे सगळ्यात ताकदवान पात्रं, एवढंच का? आणि मेटा बदलला म्हणायचं की बदलली?

विनायक : 'मोस्ट इफेक्टिव्ह टॅक्टिक अव्हेलेबल' याची ती आद्याक्षरं. पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या अपडेटमध्ये, एखाद्याला नर्फ केलं, म्हणजे कमकुवत केलं, की मेटा बदलतो.

केतकी : आद्याक्षरं मागाहून जुळवली आहेत, मूळ शब्द मेटागेम. समोरचा काय निवडेल हे ओळखून आपण काय निवडायचं, हा खेळाबाहेरचा डाव. म्हणून एकटं पात्र ताकदवान असून भागत नाही, ते कोणाबरोबर आणि कोणाविरुद्ध चालतं हे बघावं लागतं.

2018 मधला ओव्हरवॉच या गेमचा 'गोट्स' मेटा घ्या. सहाच्या संघात मार झेलणारे तीन टँक, साथीदारांना सावरणारे तीन सपोर्ट, मारा करणारा डॅमेज हिरो एकही नाही. मार्च 2018 मध्ये आलेली ब्रिगिटा ही सपोर्ट हिरो त्याचा कणा होती. तिचा वार लागला की आसपासच्या साथीदारांचं आरोग्य भरून यायचं, आणि ढालीच्या धडकेने ट्रेसरसारखे चपळ हिरो जागीच थिजायचे. सहाही जण एकमेकांना चिकटून पुढे सरकत.

विनायक : पण जानेवारी 2019 च्या पॅचने गोट्सच्या हिरोंचं चिलखतच कमकुवत केलं ना? मग ट्रेसर परत यायलाच हवी होती.

केतकी : पॅच बरोबर, निष्कर्ष चुकला. चिलखतावर प्रत्येक गोळीचं नुकसान आधी 5 ने घटायचं, नंतर 3 ने, पण निम्म्याहून जास्त कधीच नाही. 20 ची गोळी पूर्वी 15 लागायची, नंतर 17. ट्रेसरची गोळी होती 6 ची. पूर्वी निम्म्याच्या मर्यादेमुळे 3 लागायची, नंतर 6 वजा 3, म्हणजे तरीही 3! पॅचची टीप वाचून हिरो बदलण्याआधी हा हिशेब करायलाच हवा.

ओंकार : मी बीजीएमआय खेळतो. आमच्याकडे मेटा बंदुकांचाच असतो. माझ्या आवडत्या बंदुकीला पॅचने हातही लावला नाही, तरी ती मागे पडली.

केतकी : बरोबर, दुसरी बंदूक बफ झाली असेल, म्हणजे ताकदवान केली असेल. नर्फचंही तसंच. ब्रिगिटाला अनेकदा नर्फ करूनही गोट्स टिकला, कारण प्रश्न तिच्या आकड्यांपेक्षा त्या जुळणीचा होता. शेवटी जुलै 2019 मध्ये ओव्हरवॉच लीग या व्यावसायिक स्पर्धेने नियमच केला : दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट.

विनायक : त्याच जुलैत, नियम लागू होण्याआधी, शांघाय ड्रॅगन्स या संघाने डॅमेज हिरो घेऊन लीगच्या तिसऱ्या टप्प्याची अंतिम लढत जिंकली होती. म्हणजे पॅचशिवायही मेटा मोडत होता की!

केतकी : तो एक संघ होता. बाकीच्यांना ते जमलं असतं का, हे नियमामुळे कळलंच नाही. मला वाटतं, लीगने थांबायला हवं होतं.

सायली : अर्थ समजला. लिंगाचं काय?

ओंकार : आम्ही 'मेटा बदलला' म्हणतो.

विनायक : आमच्या ग्रुपात 'बदलली'.