उत्तर: रक्कम किती महिने पुरेल?

> १० लाख ६ टक्क्यांनी ठेवून महिन्याला ८,००० काढले तर १२५ महिनेच ना?

१२५ हा नुसता भागाकार झाला, त्यात व्याज धरलेलंच नाही. महिन्याचं व्याज ०.५ टक्का, म्हणजे पहिल्या महिन्यात ५,००० जमा होतात आणि मुद्दल फक्त ३,००० नी घटतं. पुढे मुद्दल कमी होत जातं तसं व्याजही आटतं. स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=NPER(0.06/12, 8000, -1000000)
```

उत्तर १९६.६६, म्हणजे १६ वर्षं ४ महिने आणि शेवटचा हप्ता अपुरा. मुद्दलाचं उणे चिन्ह विसरलात तर महिनेच उणे येतील. `/12` राहिलं तर `#NUM!` दिसेल, कारण मग व्याज उचलीपेक्षा जास्त ठरतं आणि रक्कम संपतच नाही.

६,००० च काढले तर मुदत ३५९ महिन्यांवर जाते. उचल पाव हिश्श्याने कमी, मुदत जवळपास दुप्पट!