सदका-ए-जारिया म्हणजे ‘अखंड दान’ का? आणि ‘सवाब’ला पुण्य चालतं का?

पाटीवाला: मी पाट्या कोरायचं काम करतो, काल ग्रॅनाइटची एक ऑर्डर आली, गावातल्या बोअरजवळ लावायची. वर उर्दूत ‘मरहूम वालिद के ईसाले सवाब के लिए, सदका-ए-जारिया’ असं आहे आणि खाली तेच मराठीत पाहिजे. मी लिहून दिलं ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ अखंड दान’. गिऱ्हाईक म्हणतं नाही बसत, पण काय पाहिजे ते त्यालाही सांगता येईना. नक्की चुकलं काय माझं? एकदा कोरलं की खोडता येत नाही हो, म्हणून आधी विचारतोय.

मिरजेचा_वसंत: सदका म्हणजे ओवाळून टाकणं. आमच्या गल्लीत मूल आजारी पडलं की अंडं नाहीतर कोंबडी त्याच्यावरून उतरवायचे आणि फकिराला द्यायचे, त्याला ‘सदका उतारना’ म्हणायचे, मी स्वतः बघितलंय. आणि जारिया म्हणजे आपलं जारी, आदेश जारी केला तसं. म्हणजे ओवाळणी चालू ठेवणे असा काहीतरी अर्थ होईल.

रुबीना_चिपळूण: वसंतदादा, उतारा आमच्यातही बघितलाय पण ते सदक्याचं एक टोक झालं, लोकांनी धरून ठेवलेलं. सदका म्हणजे अल्लाहसाठी मनापासून दिलेलं काहीही, रस्त्यातला दगड बाजूला करणं हासुद्धा सदका. सादिक, सिद्दीक ही नावं त्याच धातूची, खरेपणाची. जारिया मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, आपलं ‘जारी’ तिथलंच, मूळ अर्थ वाहणारं.

आता ‘अखंड’ का बसत नाही ते सांगते. अखंड दान म्हटलं की देणारा सारखा देतोय असं वाटतं, अखंड नामस्मरण म्हणतो तसं. इथे उलटं आहे, देणाऱ्याने एकदाच दिलं आणि तो गेला, पण दिलेल्या वस्तूतून लोकांचा फायदा वाहत राहतो. हदीस आहे, म्हणजे पैगंबरांचं वचन, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात, त्यांचे साथी अबू हुरैरांकडून आलेलं, की माणूस मेला की त्याची कर्मं थांबतात, फक्त तीन सोडून: सदका-ए-जारिया, ज्याचा लोकांना उपयोग होतो असं इल्म म्हणजे ज्ञान, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. म्हणजे कर्म थांबलंय हे गृहीतच आहे, वाहतंय ते फळ.

एसआयपीवाला: मग माझं दर महिन्याला ५०० रुपये अनाथाश्रमाला ऑटो डेबिट जातात ते सदका-ए-जारिया झालं ना? दोन वर्षं एकही हप्ता चुकला नाही.

रुबीना_चिपळूण: चांगलं काम आहे, पण तो नुसता सदका. पैसे त्या महिन्याच्या जेवणात संपतात आणि खातं बंद झालं की तुमचं देणंही बंद. त्याच पैशातून तिथे पाण्याची टाकी बांधली असती किंवा वाचनालयाला पुस्तकं घेतली असती तर जारिया म्हणता आलं असतं. गोंधळ ‘चालू’ या शब्दाने होतो, चालू काय राहतं ते बघायचं.

जुना_कोश: संस्कृतात यासाठी तयार शब्द आहे की. इष्टापूर्त मधलं ‘पूर्त’. यज्ञयाग ते इष्ट, आणि विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा ते पूर्त. पाटीवर ‘पूर्तदान’ कोरा, एका शब्दात काम.

पाटीवाला: काका, पूर्त वाचून लोक म्हणतील कशाची पूर्तता झाली :) पाणी भरायला येणाऱ्या बाईला कळलं पाहिजे.

लातूरकर_मुजीब: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारतो. आम्ही अब्बांच्या नावाने बोअर मारला होता, जागा नात्यातल्या एकाच्या शेताच्या कडेला, रस्त्यालगत, म्हणजे येणारे जाणारे पाणी घेतील. दोन उन्हाळे छान चाललं, बायका घागरी घेऊन यायच्या, मग त्याने हापसा काढून मोटर बसवली, पाईप उसाला नेला आणि पेटीला कुलूप. विचारायला गेलो तर म्हणे सातबारा माझा आहे. पाटी अजून तिथेच आहे, सदका-ए-जारिया लिहिलेली. आता ते जारिया राहिलं का? अम्मी रोज विचारते.

रुबीना_चिपळूण: मुजीबभाई, इथे ‘वक्फ’ हा शब्द उपयोगी पडतो. वक्फ म्हणजे थांबवणं आणि जारिया म्हणजे वाहणं, दोन्ही उलटे वाटतात पण एकाच कामाची दोन अंगं आहेत. पैगंबरांचे साथी हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली, त्यांनी पैगंबरांना विचारलं हिचं काय करू, तर सांगितलं मूळ धरून ठेव आणि फळ सदका कर. मग त्यांनी ती अशी दिली की ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. मालकी थांबवली म्हणून फळ वाहिलं. तुमच्या बोअरमध्ये खर्च तुमचा होता पण जमीन कुणीच थांबवली नव्हती, तिथेच गडबड झाली. अब्बांसाठी तुम्ही केलेली नियत आणि दोन उन्हाळे लोक प्याले ते कुठे जात नाही, पण पुढचं म्हणाल तर बहुतेक आलिम म्हणजे धर्मपंडित सांगतात की फायदा पोचतोय तोवरच जारिया. पुढच्या वेळी जागा आधी कागदावर सोडवून घ्या किंवा मशिदीच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या जागेत मारा. आणि अजून एक, जकातीच्या, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेल्या दानाच्या पैशातून बोअर मारू नका, हनफी या फिक्ह परंपरेच्या मतात जकात गरिबाच्या हातात मालकीने जावी लागते आणि विहिरीची मालकी कुणाच्याच हातात जात नाही.

लातूरकर_मुजीब: जकात नव्हती, माझ्या पगारातले होते. कागदाचं खरंय, घरचाच माणूस म्हणून बोललोच नाही.

सोलापुरी_सलीम: मला एक खटकतंय. हदीसमध्ये मेलेल्या माणसाचं स्वतःचं कर्म म्हटलंय. मुलाने नंतर बोअर मारला तर ते बापाचं जारिया कसं? कुराणात सूरा नज्ममध्ये आहे की माणसाला त्याने स्वतः केलेल्या मेहनतीचंच मिळतं. मुलाने केलं ते ईसाले सवाब, म्हणजे सवाब पोचवणं. पाटीवर दोन्ही शब्द एकत्र आहेत तेच मुळात चूक असावं.

रुबीना_चिपळूण: दोन शब्द वेगळे आहेत हे मान्य. पण पैगंबरांचे साथी साद बिन उबादा यांची आई वारली तेव्हा त्यांनी पैगंबरांना विचारलं कुठला सदका उत्तम, उत्तर आलं पाणी, मग त्यांनी विहीर खणली आणि म्हणाले ही सादच्या आईसाठी. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. म्हणजे विहीर मुलाची, सवाब आईला. माझ्या वाचण्यात पाटी बरोबर आहे, वस्तू जारिया आणि ती कुणासाठी ते ईसाल.

सोलापुरी_सलीम: मुलगा हीच बापाची कमाई असं धरलं तर चालेल, पण चुलत्याने पुतण्यासाठी केलं तर? माझं समाधान नाही झालं.

मिरजेचा_वसंत: झाडाचं पण असंच असतं का? आमच्याकडे दर्ग्याच्या आवारातल्या आंब्याखाली दुपारी अख्खी गल्ली झोपायची, कैऱ्या आम्ही चोरायचो.

रुबीना_चिपळूण: चोरा खुशाल :) लावलेल्या झाडाचं माणसाने, जनावराने, पाखराने खाल्लं तर लावणाऱ्याला तो सदका, आणि सहीह मुस्लिममधल्या एका रिवायतीत चोरीला गेलेलंही सदकाच म्हटलंय. फळ घरच्यांसाठी लावलेलं असलं तरी.

जुना_कोश: बरं, पूर्त सोडा, पण सवाबला पुण्य लिहायला काय हरकत आहे?

रुबीना_चिपळूण: बोलताना मीही पुण्यच म्हणते. पण सवाबच्या धातूत ‘परतून येणं’ आहे, केलेल्याचं अल्लाहकडून परत येतं असं. पुण्य आपण गाठीला बांधतो, साठवतो, सवाब मिळतो. पाटीवर सवाबच ठेवा, मराठी मुसलमान तोच म्हणतात आणि बाकीच्यांना अंदाजाने कळतं. ‘कै.’ मात्र काढा, कैलासवासी होतं ते. मरहूम राहू द्या.

पाटीवाला: बाप रे, कै. कडे लक्षच नव्हतं, हात बसलाय. तर आता असं करतो: ‘मरहूम वडिलांना सवाब पोचावा म्हणून हे वाहतं दान. पाणी सर्वांसाठी.’ शेवटची ओळ मुजीबभाईंची गोष्ट वाचून घातली. अक्षरावर पैसे घेतो मी, तेवढ्या ओळीचे नाही लावणार.