मदत हवी आहे: बियाणे कंपनीच्या फील्ड ऑफिसर अर्जात "फिरायची तयारी आहे" हे कसं लिहू? (इंदूर ते खरगोन)

नेहा_लोकमान्यनगर
नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. (कृषी) झाले. एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसरची जागा निघाली आहे. मुख्यालय खरगोन, काम कपाशी आणि मका, थोडं सोयाबीन. जाहिरातीत ठळक लिहिलंय की "सतत प्रवासाची तयारी असणाऱ्यांनीच अर्ज करावा."

अर्ज इंग्रजीत जाणार आहे, पण मजकूर इथे मराठीत मांडते:

"मी मेहनती असून कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही वेळी प्रवास करण्यास तयार आहे. मला शेतकऱ्यांत मिसळायला आवडते. संधी मिळाल्यास मी त्या संधीचे सोने करीन."

हे वाचून माझं मलाच पटत नाहीये. हेच वाक्य माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी लिहिलं असणार. शिवाय मुलगी म्हटल्यावर मुलाखतीत पहिला प्रश्न फिरण्यावरच येणार. दुचाकीचा पक्का परवाना आहे, गियरची गाडी चालवते, पण गाडी बाबांच्या नावावर आहे. घरचे म्हणतात रोज इंदूरहून जाऊन-येऊन कर. काय लिहू, काय गाळू?

भटक्या_ग्वाल्हेर
सोपं आहे. "संपूर्ण भारतात कुठेही रुजू होण्यास तयार" असं लिही. कंपन्यांना तेच हवं असतं. माझी निवड अशीच झाली होती. आणि परवान्याचा नंबर अर्जातच टाक, त्याने फरक पडतो.

कृषीमित्र८८
ताई, ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी कर. कर्मचारी निवड मंडळाची जाहिरात आली की मी इथे टाकेन. मागच्या पेपरात मृदाशास्त्रावर बरेच प्रश्न होते.

नेहा_लोकमान्यनगर
@कृषीमित्र८८ दादा, ती परीक्षाही देणारच आहे. पण आत्ताचा प्रश्न खासगी कंपनीच्या अर्जाचा आहे.

देवासचे_काका
मी बियाण्याच्या धंद्यात एरिया मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. निमाडात बरीच वर्षं काढली आणि असे अर्ज गठ्ठ्याने वाचले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भटक्याचं अर्धं बरोबर आहे. मॅनेजमेंट ट्रेनीच्या जागेला "भारतात कुठेही" चालतं, तिथे कंपनी तुम्हाला खरंच कुठेही टाकते. फील्ड ऑफिसरच्या जागेला मात्र तो मुलगा किंवा मुलगी त्याच पट्ट्यात टिकेल का, एवढंच आम्ही बघायचो. जो "कुठेही जाईन" म्हणतो त्याने आपला पट्टा नकाशावरही पाहिलेला नसतो, हा माझा अनुभव.

नेहा, खरगोनचं काम कॅलेंडरवर मांडून बघ. निमाडात ज्यांच्याकडे पाणी आहे ते शेतकरी कपाशी मेच्या मध्यापासूनच लावायला घेतात, पावसाची वाट बघत नाहीत. म्हणजे पाकिटं दुकानांत पोचवायची, दुकानदारांच्या आणि शेतकऱ्यांच्या बैठका घ्यायच्या, हे सगळं एप्रिल-मेच्या उन्हात. तुझ्या सगळ्यात जास्त फेऱ्या तेव्हाच होणार. पाऊस लागला की फिरण्याची तऱ्हा बदलते. मग तू ठरवलेल्या रस्त्याने जात नाहीस, तक्रार येईल तिकडे जातेस.

ती तक्रार कशी असते ते सांगतो. झिरन्याकडून फोन येतो, "बियाणं उगवलं नाही." तू दोन दिवसांनी गेलीस तर तोवर शेतकऱ्याने वखर फिरवून दुसऱ्या कंपनीचं बी टोबलेलं असतं. बघायला काही उरत नाही आणि गावात बोलबाला होतो की अमक्या कंपनीचं बी खोटं. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी गेलीस तर बरंच काही सापडतं. रिकामं पाकीट मागायचं आणि त्यावरच्या लॉट नंबरचा फोटो घ्यायचा. दुकानाचं बिल बघायचं. मग वाफ्यात बसून न उगवलेल्या जागा बोटाने उकरायच्या. बी खोल गेलंय का, पापुद्र्याखाली अंकुर वाकडा होऊन अडकलाय का, की बी तसंच कोरडं पडलंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोच लॉट त्याच दुकानातून नेलेले आणखी दोन-तीन शेतकरी शोधायचे. त्यांच्याकडे उगवण चांगली असेल तर दोष बहुतेक पेरणीचा किंवा ओलाव्याचा. त्यांच्याकडेही विरळ असेल तर साहेबांना तिथूनच फोन लावायचा, परत येईपर्यंत थांबायचं नाही.

फिरायची तयारी म्हणजे आमच्या लेखी हे. म्हणून इंदूरहून जाऊन-येऊन करायचा बेत अर्जात तर नकोच, मनातूनही काढ. एका बाजूचेच सुमारे 140 किलोमीटर, मधे घाट. खरगोनला पोचलीस की तुझा दिवस सुरू होणार, झिरन्या किंवा भगवानपुरा त्याच्याही पुढे. सकाळी आठला शेतकरी शेतात भेटतो, अकरानंतर तो घरात पडलेला असतो.

नेहा_लोकमान्यनगर
काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग अर्जात "खरगोनला राहीन" असं सरळ लिहू? घरी अजून बोलणं व्हायचं आहे.

देवासचे_काका
घरी आधी बोल, मग लिही. रुजू होताना "मला इंदूर द्या" म्हणणारे आम्ही खूप पाहिलेत. पुढच्या हंगामात त्यांची जागा पुन्हा भरावी लागते.

वडोदऱ्याची_मृणाल
नेहा, मी बोडेली आणि छोटा उदेपूर पट्ट्यात खतांच्या कंपनीसाठी काम केलंय. मुलाखतीत मला विचारलं होतं, "नाईट हॉल्ट जमेल?" मी म्हटलं, हो, पण बोडेलीतल्या ठरावीक लॉजवर, आणि मुक्काम आधी कळवून. कुणी तोंड वाकडं केलं नाही. उलट पुढचे प्रश्न कामाचे आले. मला वाटतं जे जमणार नाही ते अर्जात लिहू नये, पण मुलाखतीत लपवूही नये.

एक आणखी. आमच्याकडे हाटाच्या दिवशी दुकानदार बोलायला मोकळा नसायचा, गल्ल्यावर गर्दी असायची. पण शेतकरी मात्र आपण होऊन समोर यायचे. त्यामुळे हाटाच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर उभं राहायचं आणि ऑर्डरीची, वसुलीची बोलणी दुसऱ्या दिवशी करायची. खरगोनकडे असंच असेल तर मुलाखतीत सांगायला चांगला मुद्दा आहे.

भटक्या_ग्वाल्हेर
मुक्कामाच्या अटी घातल्या तर मुलांना पहिली पसंती मिळणार, कडवट आहे पण खरं आहे.

वडोदऱ्याची_मृणाल
@भटक्या_ग्वाल्हेर काही ठिकाणी मिळते, नाकारत नाही. पण ज्या साहेबाला एवढं उत्तर चालत नाही त्याच्या हाताखाली पावसाळा काढायचा का, हाही प्रश्न आहेच ना?

देवासचे_काका
यावर माझं मत मी राखून ठेवतो, कंपनीगणिक आणि साहेबागणिक फरक पडतो. पण अर्ज सुधारू या. नेहा, तू रावेला, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवाला, कुठल्या गावी होतीस? तिथे रोज काय केलंस ते लिही, मग बघू.

नेहा_लोकमान्यनगर
रावेला महेश्वरजवळच्या एका गावात होते. शेतकऱ्यांच्या घरीच राहत होतो. एका शेतकऱ्याच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले होते, त्यातले पतंग दर आठवड्याला मोजून वहीत लिहायचे. सायकल आणि कधी गावकऱ्यांची मोटरसायकल. निमाडी समजते, बोलताना हिंदीत घसरते.

देवासचे_काका
अगं मग हेच तर सोनं आहे, आणि तू "संधीचे सोने" लिहीत बसलीस! गावात राहिलीस, कपाशीत उतरलीस, ठरल्या दिवशी सापळा मोजलास. "मेहनती" हा शब्द काढून टाक, हे लिही.

नेहा_लोकमान्यनगर
घरी बोलले. आई तयार आहे, बाबा "आधी खोली बघू" वर आले आहेत. नवा मजकूर असा केलाय:

"निवड झाल्यास मी खरगोन येथे राहीन. माझ्याकडे गियरच्या दुचाकीचा पक्का परवाना असून वापरासाठी मोटरसायकल उपलब्ध आहे. ग्रामीण कार्यानुभवाच्या काळात मी महेश्वर तालुक्यातील गावात मुक्काम करून कपाशीतील कामगंध सापळ्यांची साप्ताहिक नोंद ठेवली. मला निमाडी समजते. एप्रिल ते जुलै या हंगामात सुट्टीच्या दिवशी काम करण्याची आणि उगवणीच्या तक्रारीवर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी शेतात पोचण्याची माझी तयारी आहे."

मुक्कामाबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही, विचारलं तर मृणालताईंसारखं सांगेन.

देवासचे_काका
आता हा अर्ज खरगोनचा वाटतो. फक्त "त्याच किंवा दुसऱ्या दिवशी" याबद्दल मुलाखतीत खोदून विचारतील. एकाच सकाळी भीकनगावहून आणि भगवानपुऱ्याहून फोन आले तर आधी कुठे जाशील? उत्तर तयार ठेव. माझं उत्तर असायचं, जिथे एकाच लॉटच्या तक्रारी जास्त तिथे आधी, आणि दुसऱ्याला फोन करून सांगायचं की वखर चालवू नका, पाकीट जपून ठेवा.

गाडी बाबांच्या नावावर असली तरी बहुतेक ठिकाणी अडत नाही. पण आरसी आणि विम्याची प्रत मागतात, विमा संपलेला नसावा.

इंदौरी_सचिन
सगळं ठीक, पण पैशाचं कुणी बोलतच नाहीये. समजा रोज 120 किलोमीटर आणि महिन्याला 24 दिवस, म्हणजे 2880 किलोमीटर. गाडीने लिटरला 50 दिले तरी 58 लिटरच्या आसपास पेट्रोल, आणि पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे सहा हजार नुसते टाकीत. कंपनी किलोमीटरला तीन रुपये देत असेल तर 8640 होतात, त्यात तेल, टायर, सर्व्हिस निघतं. पण माझ्या भावाच्या कंपनीत महिन्याला 2000 किलोमीटरची मर्यादा होती. त्यावरचे 880 त्याच्या खिशातून. मर्यादा आहे का, हे कधी विचारायचं, अर्जाच्या वेळी की ऑफर आल्यावर?

देवासचे_काका
ऑफर हातात आल्यावर, सही करायच्या आधी. तेव्हाच हेही विचारून घे की पगार कंपनी देणार की मधली एजन्सी. जाहिरातीत कंपनीचं नाव असतं आणि पत्र तिसऱ्याच्याच लेटरहेडवर येतं, असं हल्ली पुष्कळ होतं. अशा वेळी प्रवासभत्त्याची बिलं एजन्सीकडे जातात आणि पैसे उशिरा येतात.

भटक्या_ग्वाल्हेर
काका, ऑफरनंतर विचारलं तर ते म्हणतात "पॉलिसी आहे, बदलणार नाही." मग अर्जाच्या आधीच तिथल्या कुणाला तरी विचारलेलं बरं नाही का?

नेहा_लोकमान्यनगर
खरगोनच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्यांना मैत्रीण ओळखते, त्यांच्याकडे या कंपनीचा माल असतो. त्यांच्यामार्फत आत्ताच्या फील्ड ऑफिसरचा नंबर मिळतो का बघते. अर्ज आज रात्री पाठवते. कुणाकडे खरगोनात मुलींसाठी राहायच्या जागेची माहिती असेल तर व्यनि करा, बाबांना रविवारी दाखवायची आहे.